हँडबॉलचे नियम सांगून कळत नाहीत, मग दाखवायचे कसे?

खडू-शिट्टी (धागाकर्ता)

मी शारीरिक शिक्षण शिकवतो. यंदा माझ्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या आठ मुलांचा गट आहे, वयं 10 ते 14. काहींना डाउन सिंड्रोम आहे, दोघांना त्यासोबत स्वमग्नताही आहे. रोजचं बोलणं बहुतेकांना कळतं, पण वाक्य लांबलं की चेहरे कोरे होतात. मोठा मऊ चेंडू पाच-सहा पावलांवरून फेकणं आणि झेलणं जवळजवळ सगळ्यांना येतं.

घोडं अडतं ते सामन्यात. चार विरुद्ध चार असा छोटा हँडबॉल घेतो. सुरुवातीला फळ्यावर मैदान काढून नियम सांगितले: चेंडू हातात असताना तीनच पावलं, तीन सेकंदांत सोडायचा, गोलपुढच्या अर्धवर्तुळात फक्त गोली, रेषेबाहेर गेला तर समोरच्यांचा. "कळलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. शिट्टी वाजली की एक मुलगा चेंडू छातीशी कवटाळून थेट भिंतीपर्यंत धावतो. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की आमचे सगळे जागच्या जागी उभे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की स्वतःच्याच गोलमध्ये गोल. मी कडेने सतत ओरडत राहिलो तर खेळ बरा चालतो, थांबलो की थांबतो.

"नियम सोपे करा" हे सगळेच सांगतात. नेमके कोणते काढायचे, कोणते ठेवायचे आणि उरलेले दाखवायचे कसे, हे अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

सरळसोट

सर, मुलं लाडावलेली दिसतात. हँडबॉलमध्ये पिवळं कार्ड आहे, दोन मिनिटं बाहेर बसवायची शिक्षा आहे. ती वापरा. चेंडू घेऊन पळाला, बसवा बाहेर. दोनदा बसला की आपोआप शिकेल. आमच्या संघात असंच चालायचं.

---

तिसरा पंच

सरळसोट, तो नियम मोडत नाहीये हो, नियम अजून त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. आणि दोन मिनिटं बाहेर बसल्यावर आपण पावलांसाठी बसलो की गोल न झाल्यामुळे, हे त्याला कळणार कसं?

धागाकर्ते, मी अशा मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्या बाजूने एक माहिती देतो. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या बास्केटबॉलमध्ये पावलांचा नियम काढलेला नाही, सैल केला आहे. खेळाडूने नेहमीपेक्षा दोन पावलं जास्त टाकली तरी चालतं. मात्र त्या जादा पावलांमुळे बास्केट झाली किंवा बचावपटू चुकवला गेला, तर लगेच दोष धरायचा. पंचाने पावलं मोजत बसण्यापेक्षा त्यातून फायदा झाला का ते पाहायचं. तुमच्या तीन पावलांचं असंच काहीतरी करता येईल.

---

मधली सुट्टी

तिसरा पंच यांनी सांगितलेला नियम पंचासाठी चांगला आहे. पण तो पंचाने डोक्यात ठेवायचा. मुलाला त्यातलं काही शिकवायचं नाही, आणि ही मुलं अजून त्या टप्प्यावरही नाहीत.

मी बरीच वर्षं विशेष शाळेत खेळ घेते. तुमच्या यादीकडे मी असं बघेन की यातला कोणता नियम मुलाऐवजी मैदान सांभाळू शकेल? तो मुलाच्या डोक्यातून काढून मैदानावर टाकायचा.

रेषेबाहेरचा नियम पूर्ण काढा. तुमच्या बगलेत दुसरा चेंडू ठेवा. एक बाहेर गेला की त्याच क्षणी दुसरा आत घरंगळत सोडा. कोणाचा चेंडू, कुठून फेकायचा हा प्रश्नच उरत नाही आणि खेळ तुटत नाही. खेळ तुटला की या मुलांना परत त्यात शिरायला फार वेळ लागतो. अर्धवर्तुळाच्या जागी जमिनीवर जाड दोरी टाका. पायाला लागते, डोळ्याला दिसते. तीन सेकंद काढून टाका. धावता धावता पावलं मोजणं आणि सेकंद मोजणं म्हणजे डोक्यात दोन हिशेब एकदम चालवणं, हे ओझं तुमच्या गटाला नको. त्याऐवजी एकच: चेंडू हातात आला की पाय थांबले. शून्य पावलं. तीनपेक्षा शून्य सोपं, कारण मोजायचं काही नाही.

म्हणजे शिकवायच्या गोष्टी दोनच राहिल्या. चेंडू आला की थांबून आपल्या रंगाच्या बिबवाल्याला द्यायचा. आणि चेंडू गेला की मागे यायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा खूप अवघड आहे, तिच्यावर रात्री लिहिते.

तोवर एक काम करा. पुढच्या तासाला कोणालातरी कागद देऊन कडेला बसवा आणि तुम्ही किती वेळा ओरडता, हातवारे करता, बोट दाखवता, त्या प्रत्येकाची एक रेघ मारायला सांगा.

---

लेकीची आई

विषय थोडा वेगळा आहे, तरी विचारते. माझी मुलगी 12 वर्षांची, डाउन सिंड्रोम. शाळेत फुटबॉल आहे. घरी तिला विचारलं तर सगळे नियम घडाघडा म्हणते. "हात लावायचा नाही, लाल गोलमध्ये मारायचा, शिट्टीला थांबायचं." पण मैदानावर नुसती उभी राहते. तिचे सर म्हणतात तिला येतं, पण ती करत नाही. हट्टीपणा असेल का?

---

रंगपेटी

आमच्या वर्गात चित्रकार्डांनी कमाल झाली आहे. प्रत्येक नियमाचं एक कार्ड करा: थांबलेले पाय, पास देणारे हात, गोल. तास सुरू होताना क्रमाने लावा, सगळ्यांनी बोट ठेवून वाचायचं. आणि मुख्य म्हणजे काहीही बदलू नका! तोच चेंडू, तीच बाजू, तीच जोडी, तोच क्रम, वर्षभर. या मुलांना बदल सोसत नाही. 100 टक्के जमेपर्यंत तेच ते.

---

खडू-शिट्टी

रंगपेटी, कार्डं करतो. मधली सुट्टी ताई, रेघा मारून घेतल्या. आकडा इथे लिहायची सोय नाही, पण कागद भरला. रेघा मारणारा सहकारी म्हणाला, "सर, खेळ मुलांचा की तुमचा?"

---

मधली सुट्टी

सहकारी हुशार आहे.

आधी लेकीची आई, तुम्हाला. हट्टीपणा दिसत नाही. नियम म्हणता येणं आणि नियम वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक आली म्हणून दुसरी येत नाही. त्यातून डाउन सिंड्रोममध्ये बरेचदा ऐकलेलं थोडा वेळ धरून ठेवणं अवघड जातं, त्या मानाने पाहिलेलं बरं टिकतं. पाठ झालेली वाक्यं म्हणते, पण मैदानावर "आत्ता कोणतं वाक्य?" हे निवडायचं असतं, तिथे अडते. तिला "सांग" म्हणू नका, "दाखव" म्हणा. घरातच दोन खुणा ठेवून गोल करा, चेंडू द्या, काही न बोलता बघा. ती जिथे थांबेल तो तुमचा धडा. आणि एकदा कानही तपासून घ्या. या मुलांत ऐकू कमी येणं पुष्कळ आढळतं, आणि मैदानावर पाठीमागून मारलेली हाक अर्धी पोचत नाही.

धागाकर्ते, "कळलं का?" हा प्रश्न मात्र बंदच करा. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं, कारण विचारणाऱ्याला ते आवडतं हे मुलं कधीच शिकलेली असतात.

आता प्रात्यक्षिक. मुलांसमोर तोंड करून दाखवलंत तर तुमचा उजवा त्यांचा डावा होतो आणि तुम्ही त्यांच्या उलट दिशेला धावता. मुलांकडे पाठ करून, ती ज्या दिशेला खेळणार त्याच दिशेला तोंड करून दाखवा. मुलांना जमिनीवरच्या खुणांवर बसवा, सगळ्यांना गोल दिसेल असं. दाखवणारे दोघं हवेत, दुसरा कोणी मोठा किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी. पहिल्यांदा एक शब्दही न बोलता दाखवा: चेंडू आला, पाय थांबले, पास दिला, त्याने गोल मारला. एवढंच, दहा सेकंदांत संपलं पाहिजे. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. मग शब्द घाला, पण ती क्रिया होत असतानाच: "आला. थांब. दे." आधी नाही, नंतर नाही. तेच तीन शब्द सगळ्या मोठ्यांनी वापरायचे. एकाने "थांब", दुसऱ्याने "उभा राहा", तिसऱ्याने "पळू नकोस" म्हटलं की मुलासाठी त्या तीन वेगळ्या सूचना होतात.

चुकीचं करून दाखवू नका. "असं पळायचं नाही हं" म्हणत तुम्ही चेंडू घेऊन पळालात तर सगळ्यांत मजेदार तेच दिसतं आणि पुढची मुलं तेच करतात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता नवीन सहकाऱ्यांना मी पहिल्या दिवशीच सांगते.

आणि दाखवून झालं की लगेच मुलाला उठवा. मध्ये भाषण नको.

उलट्या क्रमाने शिकवा. आधी गोलजवळ उभं करून हातात चेंडू द्या, फक्त गोल मारायचा. ते बसलं की एक पास घेऊन गोल. मग थांबून पास. मग समोर एक जण नुसता हात वर करून उभा. मग तो चालणारा. मग खराखुरा अडवणारा. असं केलं की प्रत्येक फेरीचा शेवट गोलनेच होतो, आणि आपण कशासाठी चाललोय हे मुलाला कधी हरवत नाही. तुमच्या भिंतीपर्यंत धावणाऱ्याचं तेच झालं असावं. त्याला चेंडू मिळवणं हाच शेवट वाटतोय.

---

तिसरा पंच

दिशेचं सगळं पटलं. हात वर करून उभा राहणारा बचावपटू मात्र मला खटकतो. मुलं हे शिकतात की समोरचा आपला चेंडू घेत नाही. मग सामन्यात खरंच घेतला की रडारड. मी पाहिलंय.

---

मधली सुट्टी

बरोबर, म्हणूनच त्याला फार दिवस उभं ठेवायचं नाही. पण पहिल्या दिवशी खरा बचाव घातला तर मुलाला पास द्यायला वेळच मिळत नाही आणि तो परत चेंडू कवटाळतो. किती दिवस, यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही. :)

आता रंगपेटी, तुमचं निम्मं मला मान्य आहे. कार्डं वर्गात, बाकावर, तास सुरू व्हायच्या आधी फार छान काम करतात. खेळ चालू असताना कार्डाकडे बघायला मूल चेंडूवरची नजर काढतं, तिथे ती नकोत. ठरलेला क्रम हवाच: तेच वर्तुळ, तेच वॉर्मअप, त्याच जागी बिब घालणं, शेवटी तेच हात मिळवणं. तासाचा सांगाडा हलवू नका. पण सांगाड्याच्या आतलं "काहीच बदलू नका" हे मात्र नको. वर्षभर तीच बाजू ठेवलीत तर मूल "लाल गोल" शिकतं की "खिडकीकडे पळणं" शिकतं, हे तुम्हाला कळणारच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा.

---

खडू-शिट्टी

ताई, चेंडू गेल्यावर मागे यायचं ते राहिलं. आमची खरी गोची तिथेच आहे.

"आला, थांब, दे" जमायला लागलंय, कवटाळणारासुद्धा आता थांबतो. कधी कधी थांबून माझ्याकडे बघत राहतो.

---

मधली सुट्टी

तुमच्याकडे बघतो ते लक्षात ठेवा, त्यावर येते.

चेंडू गेला की मागे या, हे अवघड का? चेंडू आला हे हाताला कळतं. चेंडू गेला हे कशाला कळत नाही, ते मैदानावर पाहून ओळखावं लागतं. शिवाय त्या एका क्षणात काम उलटं होतं: दिशा उलटी, गोल उलटा, आपण पळत होतो ते आता अडवायचं. नीट बघितलंत तर तुमची मुलं तिथे आळसाने उभी नाहीत, त्यांचं आधीचं काम संपलंय आणि पुढचं सुरू झालेलं नाही. म्हणून मध्ये एक पक्की, शरीराने करायची गोष्ट घालायची.

मी रिंगण वापरते. आपल्या अर्ध्या मैदानात प्रत्येकाचं एक प्लॅस्टिकचं रिंगण, बिबच्याच रंगाचं. त्याचं नाव "घर". चेंडू समोरच्यांकडे गेला की "घरी!" आणि प्रत्येकाने पळत जाऊन आपल्या रिंगणात एक पाय टेकवायचा. टेकवला की परत खेळायला मोकळा. पहिल्यांदा हे सामन्याविना करा. चेंडू मुलांकडे असतो, तुम्ही मध्येच हसत हसत काढून घेता, "घरी!", सगळे पळतात, सगळे पोचेपर्यंत तुम्ही चेंडू धरून थांबता. मग चेंडू परत त्यांना. हीच फेरी पुन्हा पुन्हा. मुलांना यात पकडापकडीची मजा येते, कंटाळा आधी तुम्हाला येईल. मग छोट्या सामन्यात हेच, तिथेही पहिले काही तास सगळे घरी पोचेपर्यंत समोरच्या संघाने चेंडू धरून ठेवायचा. मग ते थांबणं हळूहळू कमी.

ओरडणं कमी कसं करायचं? चेंडू गेला की लगेच बोलायचं नाही. मनात पाचपर्यंत मोजा. या मुलांना पाहिलेल्यावरून कृती सुरू करायला वेळ लागतो, आणि आपण बहुतेकदा ती सुरू व्हायच्या आतच मध्ये बोलतो. पाचपर्यंत हालचाल नाही, तर रिंगणाकडे बोट. तरी नाही, तर शब्द. तरी नाही, तर शेजारी जाऊन सोबत पळा. पाठीला किंवा मानेला ढकलू नका, हाताने वळवायचंच असेल तर खांद्याला हलकेच. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो, म्हणून हे नेहमीसाठीच ठरवून टाका. तशा मुलांना मानेवर ताण येणारे प्रकार द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच.

आणि तो कागद परत काढा. आता रेघेऐवजी प्रत्येक वेळी चेंडू गेला की प्रत्येक मुलासमोर एक अक्षर. स्वतःहून निघालं तर स्व. मित्राला बघून निघालं तर मि. तुमच्या शब्दाने, हाताने, नजरेने निघालं तर मो, म्हणजे मोठ्यांमुळे. तासाच्या शेवटी कागद बघितला की कोणाला नियम आलाय आणि कोणाला तुम्ही आला आहात, हे दिसतं. कवटाळणारा मुलगा थांबून तुमच्याकडे बघतो ना, त्याच्यापुढे सध्या सगळे "मो" येतील. तुमची खूण हाच त्याच्यासाठी नियम झालाय. त्याच्याबाबतीत तुम्ही उभं राहायची जागा बदला, गोलच्या मागे जा, म्हणजे तुमच्याकडे बघितलं तरी नजर बरोबर दिशेलाच जाईल.

---

रंगपेटी

"मि" म्हणजे नक्कलच ना? ती चूक धरायची का?

---

मधली सुट्टी

मी धरत नाही. सांघिक खेळात सोबत्याला बघून हलणं हा खेळाचाच भाग आहे. पण ज्याला बघून सगळे निघतात त्या एकाला अधूनमधून बाहेर बसवून बघा. सगळा संघ उभा राहिला तर नियम एकालाच आलेला होता.

---

तिसरा पंच

याला जोडून. आता मिश्र संघ पुष्कळ खेळतात, अक्षमता असलेले आणि नसलेले एकत्र. तिथे दुसरा खेळाडूच सारखा "इकडे दे, मागे जा" सांगत राहतो. कोच बाहेर गप्प, पण आत एक छोटा कोच तयार. मी तर म्हणेन त्याला बोलायची बंदीच घालावी.

---

लेकीची आई

बंदी कशाला? मुलं एकमेकांशी बोलणारच. माझ्या लेकीला मैत्रिणीने सांगितलेलं आमच्यापेक्षा लवकर कळतं.

---

तिसरा पंच

कळतं, पण मैत्रीण नसली की? असो, तुम्ही रोज तिला बघता, मी फक्त सामन्याच्या दिवशी.

---

खडू-शिट्टी

मध्यंतरी गप्प होतो कारण करून बघत होतो. जे झालं ते लिहितो.

रिंगणं चालली, कल्पनेपेक्षा लवकर. पण नवीनच गंमत सुरू झाली. दोन मुली रिंगणात पाय टेकवून तिथेच उभ्या राहायला लागल्या. चेंडू शेजारून जातोय आणि त्या घरात! बाकीच्यांचं "स्व" आणि "मि" वाढलं, माझा आवाज बराच खाली आला.

बाजू बदलणं अजून जमत नाही. गोलच्या मागे रंगीत चादरी लावल्या, लाल संघ निळ्या चादरीत मारतो असं. मध्यंतराला चादरी काढून उलट्या लावल्या. बहुतेकांना कळलं. एक मुलगा मात्र बदलानंतरही जुन्याच बाजूला, म्हणजे स्वतःच्याच गोलकडे जातो. आणि तो चांगला खेळाडू आहे, पास उत्तम देतो, चेंडू गेला की सगळ्यांच्या आधी घरी. फक्त बदलानंतर नाही.

---

मधली सुट्टी

रिंगणातल्या मुलींचं नेहमी होतं. खूण फार काळ राहिली की ती आधार न राहता नियम बनते. आता रिंगणं विरघळवायची. पूर्ण रिंगणाऐवजी जमिनीवर दोरीचा तुकडा, मग खडूची फुली, मग काहीच नाही. प्रत्येक पायरीवर तेव्हाच पुढे जा जेव्हा बहुतेक वेळा बहुतेकांसमोर "स्व" किंवा "मि" येतं. पुढे गेल्यावर एकदम कोसळलं तर एक पायरी मागे. त्या दोघींसाठी "घर" हे शेवटचं काम नसावं म्हणून एक जोड द्या: पाय टेकवला की दोन्ही हात वर करून चेंडूवाल्याकडे एक पाऊल. प्रात्यक्षिक परत तसंच, आधी न बोलता.

त्या मुलाबद्दल. तो चादर बघतच नसेल. त्याच्या मनात दिशा एखाद्या दुसऱ्याच गोष्टीला बांधलेली असणार: दार, खिडकी, तुम्ही उभे राहता ती बाजू, कदाचित त्याची पिशवी ठेवलेली जागा. शोधायचा सोपा मार्ग आहे. एक दिवस खेळच काटकोनात वळवा. गोल लांबीच्या टोकांना न ठेवता रुंदीच्या भिंतींकडे ठेवा, चादरी त्याच, आणि काही न सांगता त्याच्या हातात चेंडू द्या. चादरीकडे गेला तर त्याला चादर कळते, फक्त मध्यंतराचा बदल कळत नाही. जुन्याच दिशेला गेला तर तो खोलीतल्या कशाकडे तरी जातोय. ही दोन्ही दुखणी वेगळी आहेत, उपायही वेगळे.

---

सरळसोट

मी वर लिहिलेलं वाचून हसला असाल. पण एक खराच प्रश्न: एवढं सगळं सोपं केल्यावर हा हँडबॉल राहिला का? मोठेपणी खऱ्या संघात गेले तर तीन पावलं, तीन सेकंद आहेतच ना?

---

मधली सुट्टी

चांगला प्रश्न आहे. काढलेले नियम एकेक करून परत आणता येतात. ज्याला थांबणं पक्कं झालंय त्याला "एक पाऊल चालेल" हे देता येतं, मग दोन. काही जण तीनपर्यंत पोचतात. काही कधीच पोचत नाहीत आणि शून्य पावलांवरच चांगलं खेळतात. कोण कुठवर जाईल हे मला सुरुवातीला ओळखता येत नाही. तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही, माहीत आहे.

---

तिसरा पंच

मला यात एक शंका. शून्य पावलं पक्की झालेल्या मुलाला नंतर पाऊल टाकायला सांगणं जास्त अवघड नाही का? शिकलेलं मोडावं लागतं. मी असतो तर सुरुवातीपासून पावलं मोकळी सोडली असती, फक्त भिंतीपर्यंत पळाल्यास थांबवलं असतं.

---

मधली सुट्टी

होतं असं काहींचं. ज्यांना क्रम बदललेला चालत नाही अशा मुलांत जास्त. तुमची पद्धत मी अशा एखाद्यावर करून बघेन, पण अख्ख्या गटावर नाही.

---

खडू-शिट्टी

काटकोनात खेळवला. तो ना जुन्या बाजूला गेला, ना चादरीकडे. थेट शिट्टीच्या पेटीकडे! पेटी मी नेहमी एकाच टोकाला ठेवतो. त्या दिवशी ती कोपऱ्यात होती, तर तो कोपऱ्याकडे. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता पेटी बाहेर. बाजू बदलताना एक नवा क्रम सुरू केलाय: शिट्टी, सगळे मधल्या रेषेवर, एकत्र चालत नव्या गोलकडे, प्रत्येकाने चादरीला हात लावायचा, प्रत्येकाने एकेक गोल मारायचा, मग खेळ. वेळ खातो. पण पेटी नसताना तो मुलगा सध्या चेंडू घेऊन उभाच राहतो, कुठेच जात नाही. पेटी काही दिवस परत आणून बरोबर गोलमागे ठेवू का? की उभं राहू देऊ?

---

रंगपेटी

परत ठेवा! तेच त्याचं चित्रकार्ड आहे.

---

मधली सुट्टी

या वेळी रंगपेटींच्या बाजूने. पेटी गोलमागे, चादरीला चिकटून ठेवा, आणि बाजू बदलली की चादरीसोबत तीही हलवा. मग रोज थोडी थोडी चादरीमागे सरकवा, शेवटी दिसणार नाही इतकी. चादर पुढे, पेटी मागे. तो कोणत्या दिवशी अडखळतो ते कागदावर लिहा आणि इथे कळवा.

---

लेकीची आई

"दाखव" म्हणून बघितलं. दोन उश्यांचा गोल केला. तिने चेंडू मारला, बरोबर. मग मी चेंडू काढून घेतला तर ती उभी राहिली, अगदी मैदानावर राहते तशीच. म्हणजे हेच "चेंडू गेला"चं आहे का? की मी आई आहे म्हणून थांबली? सरांना कागद दाखवू का, त्यांना राग तर येणार नाही?

---

खडू-शिट्टी

ताई, मी सर असतो तर मला राग आला नसता. कागद कोरा द्या, स्व-मि-मो कसं लिहायचं ते सांगा, आणि "एकच तास लिहून बघाल का?" एवढंच विचारा. आई म्हणून थांबली का, ते घरात दुसऱ्या कोणीतरी चेंडू काढून घेतला की कळेल.

पेटी उद्यापासून चादरीमागे.